महिना तीन हजार, म्हणजे एकूण किती?

आमच्या घरात दोन माणसं आणि दोन धंदे. आमच्यातल्या एकाने इंग्लंडात अठ्ठावीस वर्षं कर्जखात्यात काढली. दुसरीने लग्नाआधी पुण्यात रेडिओच्या जाहिराती लिहिल्या, त्याही दहा सेकंदांत साबण विकायच्या. त्यामुळे भाच्याने जेव्हा कऱ्हाडच्या बाजूच्या आपल्या नागरी सहकारी बँकेसाठी दुचाकी-कर्जाची जाहिरात मागितली, तेव्हा हे काम आमच्या दोघांच्या वाट्याला निम्मं निम्मं आलं. या लेखातला 'आम्ही' म्हणजे तो जोडधंदा समजावा. आदरार्थी बहुवचन नव्हे!

भाच्याची मागणी साधी होती. "मामा, पन्नास सेकंदांची फिल्म. तालुक्याच्या थिएटरात मध्यंतराला लागेल, लोकल केबलवर लागेल, आणि लोक व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवतील. मामी, बोलणं आपल्याकडचं पाहिजे. आणि हप्ता म्हणजे काय ते एका उदाहरणात कळलं पाहिजे. खालची बारीक अक्षरं ठेवायची नाहीत असं नाही, पण वाचता आली पाहिजेत."

शेवटच्या वाक्याचं आम्हाला जरा नवल वाटलं. बँकेत बसलेला माणूस सहसा बारीक अक्षरं वाचता यावीत म्हणून आग्रह धरत नाही. कारण विचारलं, तर त्याने शेजारच्या मुलाची गोष्ट सांगितली. तो मुलगा कुरिअरची पार्सलं पोचवायचं काम करतो. त्याने दुसरीकडून, एका फायनान्सवाल्याकडून, गाडी घेतली होती. पाटीवर लिहिलं होतं, 'रोज फक्त शंभर रुपये! व्याज फक्त १० टक्के!' वर्षभर त्याने एकही हप्ता चुकवला नाही. मग बहिणीचं लग्न ठरलं, चार पैसे हातात आले होते, तेव्हा म्हणाला की आधी गाडीचं कर्ज मिटवून टाकू. साठ हजारांतलं निम्मं फिटलं असणार, तीस हजार भरले की सुटलो, असा त्याचा हिशेब. काउंटरवर त्याला सांगितलं, बत्तीस हजार सातशे, आणि मुदतीआधी बंद करायचं शुल्क वेगळं. त्याला वाटलं आपल्याला लुबाडलं. खरं म्हणजे त्या आकड्यात बेरजेची चूक नव्हती. चूक होती ती पाटीवरच्या त्या दोन वाक्यांत, आणि ती चूक कुणी खोटं न बोलता केलेली होती. हीच तर गंमत आहे.

म्हणून आम्ही फिल्म बाजूला ठेवली आणि आधी हिशेब घेतला.

साठ हजारांचं कर्ज, दोन वर्षं, दहा टक्के. शोरूमवाला काय करतो? साठ हजारांवर एका वर्षाचं व्याज सहा हजार, दोन वर्षांचं बारा हजार. साठ आणि बारा मिळून बहात्तर हजार. भागिले चोवीस महिने, म्हणजे हप्ता तीन हजार. चौथीच्या मुलाला जमेल असं गणित. याला बाजारात 'फ्लॅट' दर म्हणतात. या गणितात एकच गोष्ट सोयीस्करपणे विसरलेली असते. गिऱ्हाईक दर महिन्याला मुद्दलातलेही पैसे परत करत असतं. म्हणजे साठ हजार त्याच्याकडे पहिला महिनाभरच असतात. शेवटच्या महिन्यात तर त्याच्याकडे बँकेचे जेमतेम तीन हजार उरलेले असतात. तरीही त्या शेवटच्या महिन्यात तो पूर्ण साठ हजारांवरचं व्याज, पाचशे रुपये, देतच असतो. आपण शेजारणीकडून चार वाट्या साखर आणावी, दर आठवड्याला एकेक वाटी परत करावी, आणि तिने शेवटपर्यंत चार वाट्यांचंच भाडं लावावं, तसं हे आहे.

खरा दर काढायचा तर दर महिन्याला जेवढं येणं शिल्लक आहे तेवढ्यावरच व्याज लावून पाहायचं, आणि कोणत्या दराने चोवीस हप्त्यांत खातं बरोबर शून्यावर येतं ते शोधायचं. याला घटत्या शिल्लकेवरचा दर म्हणतात. आमच्या उमेदीच्या काळात हे जाड पुस्तकातले तक्ते बघून करावं लागे. आता संगणकावर एक्सेलच्या चौकटीत एक ओळ टाकली की झालं:

```
=RATE(24,-3000,60000)*12
```

उत्तर येतं १८.१६ टक्के. पाटीवर दहा, खात्यात अठराच्या वर. जवळजवळ दुप्पट. आणि याचं कारणही सरळ आहे. दोन वर्षांत सरासरी काढली तर गिऱ्हाइकाकडे साठ हजार नसतातच, त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त असतात. व्याज मात्र पूर्ण साठांवर. त्यामुळे फ्लॅट दर कानावर आला की दुपटीला थोडं कमी करावं, म्हणजे खऱ्या दराच्या आसपास जाता येतं. ही घाईतली मोजपट्टी झाली. दोन-तीन वर्षांच्या कर्जाला ती पुरते.

आता त्या कुरिअरवाल्या मुलाचं काय झालं ते बघू. पहिल्या महिन्यात साठ हजारांवर या खऱ्या दराने व्याज होतं ९०८ रुपये. म्हणजे तीन हजारांच्या हप्त्यातले ९०८ व्याजात गेले आणि मुद्दल फिटलं फक्त २,०९२. दुसऱ्या महिन्यात शिल्लक ५७,९०८. त्यावर व्याज ८७६, मुद्दल २,१२४. असं करत करत व्याजाचा वाटा आटत जातो आणि मुद्दलाचा वाढत जातो. शेवटच्या हप्त्यात व्याज असतं जेमतेम पंचेचाळीस रुपये. हप्ता तोच, पण त्याच्या पोटातली वाटणी दर महिन्याला बदलते. म्हणून बारा हप्ते झाल्यावर मुद्दल निम्मं फिटलेलं नसतं. शिल्लक राहतात सुमारे ३२,७०० रुपये. मुलाने निम्मे महिने मोजले आणि निम्मं कर्ज धरलं. त्याला कुणी हे सांगितलेलंच नव्हतं.

इथे आम्हाला एक मोह आवरावा लागला. हे सगळं आम्हाला इतकं छान कळलं होतं, की सगळंच फिल्ममध्ये घालावंसं वाटलं. आमच्यातल्या कर्जखात्याने तर मुद्दल आणि व्याजाचा उतरता-चढता आलेखसुद्धा काढला. आमच्यातल्या रेडिओने तो शांतपणे टेबलावरून उचलला आणि विचारलं, "अहो, मध्यंतराला माणूस समोसा खात असतो. त्याच्या लक्षात एकच आकडा राहणार. तो कोणता असावा, एवढंच सांगा."

तो आकडा कोणता, यावर आमची दोन संध्याकाळी चर्चा झाली. हप्ता? तो तर 'रोज शंभर' वालाही सांगतोच. दर? दर ऐकून माणसाला खिशाचं काही कळत नाही. अठरा आणि वीस टक्क्यांत महिन्याला काय फरक पडतो हे आम्हालाही कागद घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. शेवटी एकमत झालं ते 'एकूण किती' यावर. हप्ता गुणिले महिने. हा गुणाकार कुणालाही करता येतो, आणि जाहिराती नेमका तोच करू देत नाहीत. 'रोज शंभर' या दोन शब्दांत खोटं काहीच नाही, पण दिवस किती ते नाही. ७३० दिवस म्हटलं की गाणं बेसूर होतं.

इंग्लंडात राहणाऱ्या वाचकांना इथे एक ओळखीची गोष्ट आठवेल. ट्यूबमध्ये किंवा वर्तमानपत्रात कर्जाची जाहिरात असली की एका चौकटीत 'रेप्रेझेंटेटिव्ह एक्झाम्पल' असतं: कर्ज एवढं, मुदत एवढी, हप्ता एवढा, एकूण परतफेड एवढी, आणि एपीआर एवढा. ही चौकट कुणाच्या सौजन्याने येत नाही. फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीचा नियमच आहे, की जाहिरातीत व्याजदर किंवा कर्जाच्या खर्चाचा कुठलाही आकडा आला की असं प्रातिनिधिक उदाहरण द्यायचं, आणि ते त्या आकड्याइतकंच किंवा त्याहून ठळक दिसलं पाहिजे. शिवाय त्यातला एपीआर असा हवा, की जाहिरात बघून येणाऱ्यांतल्या किमान ५१ टक्के लोकांना तो किंवा त्याहून कमी मिळेल. दहा श्रीमंतांना मिळणारा स्वस्त दर सगळ्यांच्या नावाने छापायचा नाही.

ही दुसरी अट आम्हाला फार कामाची वाटली. आम्ही भाच्याला विचारलं, "तुमच्याकडे दुचाकीला बहुतेक लोक किती कर्ज घेतात, किती मुदतीचं?" तो म्हणाला, "साठाच्या आसपास, दोन वर्षं." मग उदाहरण तेच. पाच वर्षांची मुदत धरून हप्ता लहान दाखवता आला असता, पण तो हप्ता त्या गावात कुणी भरतच नसेल तर ते उदाहरण नव्हे, आमिष झालं.

भारतात आपल्याकडेही आता नियम आहेत, आणि ते चांगले आहेत. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या बँका, सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्या यांना कर्जदाराला एक 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे मुख्य माहितीपत्रक, द्यावं लागतं. ते त्याला समजणाऱ्या भाषेत हवं. त्यात वार्षिक टक्केवारीचा एकच दर असतो, ज्यात व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क वगैरे खर्चही मिळवलेले असतात. आमच्या उदाहरणात प्रक्रिया शुल्क बाराशे रुपये होतं. म्हणजे कागदोपत्री साठ हजार, पण खऱ्या अर्थाने हातात आले ५८,८००. एक्सेलच्या त्याच ओळीत साठ हजारांच्या जागी ५८,८०० घातले की दर होतो २०.२५, सव्वावीस टक्के. बाराशे रुपये म्हणजे काय, एका जेवणाचा खर्च, असं वाटतं. पण त्याने दर दोन टक्क्यांनी उचलला. दहा टक्क्यांपासून निघालेली बैलगाडी अशी सव्वावीसवर येऊन थांबली.

पण माहितीपत्रक मिळतं ते माणूस बँकेत गेल्यावर. तोपर्यंत गाडीचा रंगसुद्धा ठरलेला असतो. त्याच्या मनातला आकडा जाहिरातीत बसतो. म्हणून जाहिरातीतला आकडा आणि माहितीपत्रकातला आकडा एकच असला पाहिजे, ही आम्ही आमच्यासाठी घातलेली अट.

मग आली बारीक अक्षरं. भाच्याने बँकेच्या वकिलांनी दिलेला मजकूर पाठवला. इंग्रजीत अकरा ओळी. त्या आम्ही कात्रीने कापून टेबलावर मांडल्या आणि त्यांचे तीन ढीग केले. पहिल्या ढिगात गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणारी रक्कम बदलणाऱ्या गोष्टी: प्रक्रिया शुल्क, वार्षिक दर, हप्ता चुकल्यावरचा दंड. दुसऱ्यात उदाहरण सगळ्यांना लागू नाही असं सांगणाऱ्या गोष्टी: मंजुरी कागदपत्रं पाहून, दर अर्जदारानुसार. तिसऱ्यात केवळ सवयीने आलेल्या गोष्टी, उदाहरणार्थ चित्रातला गाडीचा रंग वेगळा असू शकतो, ही. आमची गाडी पडद्यावर पाठमोरी आणि धुळीने माखलेली होती, त्यामुळे तिसरा ढीग टोपलीत गेला. दुसरा खालच्या पट्टीत ठेवला. आणि पहिला ढीग आम्ही पट्टीतून काढून थेट पात्रांच्या आणि निवेदकाच्या तोंडी घातला.

ही केवळ आमची हौस नव्हती. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत म्हटलं आहे, की खुलाशाने मूळ दाव्याच्या उलट बोलायचं नाही, महत्त्वाची माहिती लपवायची नाही, आणि दिशाभूल करणारा दावा खाली बारीक अक्षरांत दुरुस्त करू पाहायचा नाही. वर 'व्याज फक्त १० टक्के' आणि खाली मुंगीएवढ्या टाइपात 'फ्लॅट', हे त्यात बसत नाही. शिवाय खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. वर मराठीत गोड बोलायचं आणि अटी इंग्रजीत, ही आपल्याकडची जुनी रीत त्यामुळे बाद झाली. दावा आवाजात असेल तर खुलासा त्याच्याबरोबर आणि त्याच वेगाने यायला हवा. रेडिओवर शेवटी कुणीतरी भूत मागे लागल्यासारखं पाच सेकंदांत अटी म्हणून टाकतं ना, ते आठवा. आमच्यातल्या रेडिओने असली वाक्यं स्वतः लिहिली आहेत, आणि त्यांचा उद्देश ऐकू जाणं हा नसतो हे तिला पक्कं ठाऊक आहे.

वेळेचा हिशेबही करावा लागला. जाहिरात परिषदेचा, म्हणजे 'अ‍ॅस्की'चा, दंडक असा, की पडद्यावर खुलाशाची प्रत्येक ओळ चार सेकंदांहून अधिक राहावी. दोन ओळी म्हणजे निदान नऊ सेकंद. पन्नास सेकंदांच्या फिल्ममध्ये अकरा ओळी घालायच्या तर सगळी फिल्म खुलाशाचीच होते. त्यामुळे ओळी दोनच राहिल्या. आवाजालाही मर्यादा आहे. आपल्याकडचं निवांत बोलणं सेकंदाला दोन शब्दांच्या आसपास चालतं. पन्नास सेकंदांत शंभर शब्दांपुढे गेलं की पात्रं धापा टाकायला लागतात.

आणि मग देवनागरी. इंग्रजीसाठी केलेल्या चौकटीत आपली लिपी टाकली की वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात, म्हणून दोन ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं. लहान टाइपात अनुस्वार उडतो, जोडाक्षरं बुजतात. सगळ्यात घातक जोडी म्हणजे १ आणि ९. पडद्यावर जरा अंधुक झालं की एकवीस आणि एकोणतीस यांत फरक उरत नाही. म्हणून प्रत्येक आकडा दिसतो तेव्हाच उच्चारलाही जातो, असं आम्ही ठरवलं. परीक्षा घरगुती केली. पट्टी मोबाइलवर लावली, फोन हातभर लांब धरला आणि आमच्या पंच्याहत्तर वर्षांच्या शेजाऱ्यांना, ते मूळचे सांगलीचे, एकदाच वाचायला सांगितलं. पिवळ्यावर पांढरी अक्षरं होती तेव्हा ते 'अर्जदारानुसार'पर्यंत पोचलेच नाहीत. काळ्या पट्टीवर पांढरी केली, टाइप वाढवला, तेव्हा वाचून झाल्यावर वर दोन सेकंद उरले.

तर संहिता अशी झाली. स्थळ घराचा ओटा. मुलगी दोन गावं पलीकडच्या दवाखान्यात परिचारिका, आबा तिचे वडील.

आबा: गाडी कितीची म्हणायची?

मुलगी: नोंदणी, विमा धरून पंच्याऐंशी हजार. पंचवीस हजार माझे. साठ हजार बँकेचे.

आबा: आणि हप्ता?

मुलगी: महिन्याला तीन हजार. चोवीस महिने.

आबा: म्हणजे बँकेला एकूण किती?

मुलगी: बहात्तर हजार. साठ हजार मुद्दल, बारा हजार व्याज.

आबा: वरचा खर्च?

मुलगी: प्रक्रिया शुल्क बाराशे. एकदाच.

आबा: म्हणजे पंच्याऐंशीची गाडी पडली अठ्ठ्याण्णव हजार दोनशेला.

मुलगी: हो आबा. पण दोन वर्षं एसटीची वाट बघायची नाही.

निवेदक: सर्व शुल्कांसह वार्षिक दर सव्वावीस टक्के. हप्ता चुकला तर दंड लागतो. सही करण्याआधी मुख्य माहितीपत्रक मागून घ्या, आणि 'एकूण किती' ते विचारा.

निवेदक बोलत असताना खालच्या पट्टीत, शेवटचे बारा सेकंद, या दोन ओळी स्थिर राहतात:

उदाहरण: कर्ज ₹६०,०००, दरमहा ₹३,०००, २४ हप्ते, एकूण ₹७२,०००.

वार्षिक दर २०.२५%. मंजुरी व प्रत्यक्ष दर अर्जदारानुसार.

आबांच्या 'एकूण किती' या प्रश्नानंतर आम्ही मुद्दाम दीड सेकंद मोकळा सोडला आहे. त्या दीड सेकंदात प्रेक्षक मनात गुणाकार करतो, आणि मुलीचं उत्तर आलं की ताडून बघतो. स्वतः काढलेला आकडा माणूस विसरत नाही, हे रेडिओचं शहाणपण. दंडाबद्दलही एक शब्द बदलावा लागला. बँकेच्या जुन्या कागदांत 'दंडव्याज' होतं. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार, जे नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, चुकलेल्या हप्त्याचा दंड व्याजदरात मिसळायचा नाही. ते वेगळं शुल्क असतं आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. म्हणून नुसतं 'दंड'.

संहिता संचालक मंडळापुढे गेली. आक्षेप एकच आला, पण मोठा. "बहात्तर हजार ऐकून गिऱ्हाईक शोरूममधल्या शंभर रुपयेवाल्याकडे जाईल." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हप्ता दोघांचाही तीन हजारच. एकाने आधी सांगायचं आणि दुसऱ्याने नंतर, मग आधी सांगणाऱ्याचंच नुकसान. आम्ही भाच्याला एक चाचणी करायला सांगितली. दोन्ही जाहिराती नात्यातल्या पाचसहा जणांना ऐकवायच्या आणि दुसऱ्या दिवशी एवढंच विचारायचं: गाडीला एकूण किती जातील? 'रोज शंभर' ऐकलेल्यांत आमच्या वहिनींनी "पंच्याऐंशीच ना?" असं उत्तर दिलं, आणि एकाने सरळ "माहीत नाही" म्हटलं. आबांची जाहिरात ऐकलेल्यांनी बहात्तर हजार तरी सांगितले, नाहीतर अठ्ठ्याण्णव तरी. भाच्याने मंडळाला सांगितलं, "आधी कळलेलं गिऱ्हाईक कदाचित येणार नाही. पण आलं तर सहाव्या महिन्यात काउंटरवर भांडायला येणार नाही." वसुली बघणाऱ्या संचालकांना ते पटलं.

शेवटी देवाणघेवाण झालीच. अठ्ठ्याण्णव हजार दोनशेचं आबांचं वाक्य मंडळाने काढलं. गाडीची किंमत शोरूमप्रमाणे बदलते, तो आकडा बँकेच्या हातातला नाही, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. बहात्तर हजार, बाराशे आणि सव्वावीस टक्के मात्र राहिले, आणि दीड सेकंदाची शांतताही राहिली. मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती भरावं लागेल, हे पन्नास सेकंदांत मावलं नाही. ते माहितीपत्रकाबरोबरच्या परतफेडीच्या तक्त्यात असतं. त्यासाठी भाच्याने शाखेत एक साधा फलक लावला आहे: 'निम्मे हप्ते म्हणजे निम्मं कर्ज नव्हे. आजची शिल्लक विचारा.'

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांना गावाकडून फोन येतो. पुतण्याला गाडी घ्यायची आहे, सुरुवातीचे पंचवीस हजार पाठवता का? जरूर पाठवा. पण त्याआधी त्याला फोनवरच पाच गोष्टी विचारा: कर्ज किती, हप्ता किती, महिने किती, वरचं शुल्क किती, आणि माहितीपत्रकातला वार्षिक दर किती. पहिल्या चार आकड्यांवरून वर दिलेली ओळ संगणकात टाकून बघा. तुमचं उत्तर आणि त्याच्या कागदावरचा दर जवळपास जुळला, तर निश्चिंत मनाने पैसे पाठवा. जुळला नाही, तर बहुधा विम्याचं किंवा कसलंतरी आणखी एक शुल्क कर्जातच घातलेलं असतं. ते कोणतं, आणि ते घेणं सक्तीचं आहे का, हे पुतण्याने सही करायच्या आधी विचारावं. सही झाल्यावर त्या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही.